रेघेची कुठली बाजू आपली? फीजिबल रीजन आणि आरंभबिंदूची परीक्षा

आजचा भाग गणिताचा आहे, पण कागद-पेन्सिल जवळ नसली तरी चालेल. सगळं मी बोलून दाखवतो. वाचणाऱ्यांसाठी आकडे खाली मांडलेलेच आहेत.

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीला विज्ञान आणि वाणिज्य, दोन्हीकडे लिनिअर प्रोग्रामिंगचा धडा आहे. काही अटी दिलेल्या असतात, प्रत्येक अटीची आलेखावर एक रेघ मारायची, रेघेची योग्य बाजू निवडायची, आणि सगळ्या बाजू जिथे एकमेकींवर येतात तो भाग छायांकित करायचा. तो भाग म्हणजे फीजिबल रीजन, सगळ्या अटी पाळून जे जे करता येतं ते सगळं त्यात आलं. रेघ बहुतेकांची बरोबर येते. दोन बिंदू काढले, पट्टी ठेवली, झालं. घोळ होतो तो बाजू निवडताना. आणि त्यातही एक विशिष्ट जागा अशी आहे की तिथे चूक झाली तर उत्तर बरोबर असल्यासारखंच दिसतं, ताळा केला तरी पकडलं जात नाही. आज त्या जागेपर्यंत जायचंय.

उदाहरण आपल्या धाराशिव जिल्ह्यातलंच घेऊ. समजा कळंब तालुक्यात एका घरची १० एकर जिरायत जमीन आहे. खरिपाला सोयाबीन आणि तूर, दोनच पिकं घ्यायची. सोयाबीन किती एकर, ते x. तूर किती एकर, ते y. आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलेत, बाजारभाव म्हणून घेऊ नका.

आता अटी. पहिली जमिनीची: दोन्ही मिळून १० एकरांच्या वर जाता येणार नाही.

x + y ≤ 10

दुसरी पैशाची. बी-बियाणं, खत, फवारणी, मजुरी धरून सोयाबीनला एकरी १२ हजार आणि तुरीला एकरी ८ हजार लागतात असं धरू. हातात ९६ हजार आहेत. म्हणजे 12x + 8y ≤ 96. सगळ्याला ४ ने भागलं की,

3x + 2y ≤ 24

तिसरी अट घरातल्या म्हाताऱ्या माणसाची. सोयाबीन साधारण शंभर दिवसांचं पीक, ऐन शेंगा भरताना पावसाने ताण दिला की गेलं. तुरीचं मूळ खोल जातं, ती जास्त दिवस उभी राहते, मागच्या पावसावरही थोडंफार देऊन जाते. म्हणून आजोबांचं म्हणणं, सोयाबीन कितीही पेरा, पण तूर त्याच्या निम्म्यापेक्षा कमी नको. म्हणजे y हा x च्या निम्म्याइतका किंवा त्याहून जास्त. दोनने गुणून एका बाजूला आणलं की,

x - 2y ≤ 0

चौथी: घरच्या बियाण्यासाठी आणि गावातल्या एकाला शब्द दिलाय म्हणून सोयाबीन किमान २ एकर हवंच.

x ≥ 2

आणि अर्थात y ऋण असू शकत नाही. उणे तीन एकर तूर कुणी पेरत नाही.

आता रेघा. जमिनीची रेघ X-अक्षाला (10, 0) वर आणि Y-अक्षाला (0, 10) वर छेदते. पैशाची रेघ (8, 0) आणि (0, 12) मधून जाते. x = 2 ही उभी रेघ. इथपर्यंत काही अडचण नाही. तिसरी रेघ, x - 2y = 0, ही मात्र वेगळी आहे. तिला x शून्य घेतला की y शून्य येतो, y शून्य घेतला की x शून्य येतो. दोन्ही वेळेला तोच बिंदू. म्हणून दुसरा बिंदू वेगळा काढावा लागतो: x ला 6 घ्या, y 3 येतो. (0, 0) आणि (6, 3) जोडा. ही रेघ आरंभबिंदूतून जाते, हे लक्षात ठेवा.

रेघा झाल्या. आता बाजू. इथे सगळीकडे शिकवली जाणारी युक्ती म्हणजे आरंभबिंदू घालून बघणे. x आणि y दोन्ही शून्य घ्या, अटीत घाला, खरं आलं तर आरंभबिंदूकडची बाजू, खोटं आलं तर पलीकडची. युक्ती चांगली आहे, पण ती का चालते हे एकदा समजून घेऊ. ते समजलं की ती कुठे चालत नाही हेही आपोआप कळतं.

पैशाची अट घ्या. आलेखावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे पेरणीचा एक बेत. (4, 4) म्हणजे ४ एकर सोयाबीन, ४ एकर तूर. त्या बेताचा खर्च 3x + 2y मध्ये घालून मोजला तर 20. आपली मर्यादा 24, म्हणजे बसतंय. आता त्या बिंदूवरून हळूहळू (6, 6) कडे चालत जा. तिथे खर्च 30 आहे, मर्यादेच्या बाहेर. वाटेत खर्च 20 पासून 30 पर्यंत थोडाथोडा वाढत जातो, उडी मारत नाही. म्हणजे कुठेतरी तो बरोबर 24 होणारच. तो होतो (4.8, 4.8) ला. आणि जिथे खर्च बरोबर 24, ती जागा म्हणजेच आपली रेघ. याचा अर्थ, ‘परवडतं’ कडून ‘परवडत नाही’ कडे जायचं तर रेघ ओलांडल्याशिवाय जाता येत नाही. एका बाजूच्या एका बेताला परवडत असेल तर त्या बाजूच्या सगळ्याच बेतांना परवडतं. म्हणून अख्ख्या बाजूसाठी एकच बिंदू तपासला तरी पुरतो. कुठलाही बिंदू चालतो. आरंभबिंदू घेतो तो फक्त शून्याने गुणायला सोपं पडतं म्हणून.

बरं, आपल्या उदाहरणात आरंभबिंदूला अर्थही आहे. (0, 0) म्हणजे काहीच पेरलं नाही, रान पडीक ठेवलं. आता प्रत्येक अटीला विचारा: रान पडीक ठेवलं तर तुझी हरकत आहे का?

जमिनीची अट म्हणते, 0 + 0, म्हणजे शून्य, १० पेक्षा कमीच, हरकत नाही. खरं आलं. म्हणून जमिनीच्या रेघेची आरंभबिंदूकडची बाजू आपली. पैशाची अट म्हणते, पेरलंच नाही तर खर्च शून्य, हरकत नाही. तिथेही आरंभबिंदूकडची बाजू. सोयाबीनची अट म्हणते, किमान २ एकर हवेत आणि तुम्ही शून्य पेरलंय, हरकत आहे. 0 ≥ 2 हे खोटं. म्हणून x = 2 या उभ्या रेघेची आरंभबिंदूच्या पलीकडची, म्हणजे उजवीकडची बाजू आपली.

आता तिसरी अट. शून्य एकर सोयाबीन, त्याचं निम्मं शून्य, तूरही शून्य. 0 - 0 ≤ 0. शून्य हे शून्याइतकं आहे, म्हणून विधान खरं आहे. वहीत लिहिलं जातं: ‘खरे, म्हणून आरंभबिंदूकडील बाजू.’ आणि इथेच गाडी घसरते.

कारण या रेघेला आरंभबिंदूकडची बाजू नाहीच. आरंभबिंदू रेघेवर बसलाय. तो ना इकडचा, ना तिकडचा. गावाच्या शिवेवर उभ्या असलेल्या माणसाला ‘तू कुठल्या गावचा’ विचारल्यासारखं आहे. परीक्षेने ‘खरं’ म्हटलं ते फक्त त्या एका बिंदूबद्दल, बाजूबद्दल ती काहीच बोलली नाही. आणि गंमत बघा, परीक्षेने ‘खोटं’ म्हटलं असतं किंवा काही विचित्र आलं असतं तर माणूस थांबला असता. ती ‘खरं’ म्हणते, म्हणून कुणी थांबत नाही.

मग हात कुठली बाजू रंगवतो? बहुतेक वेळा खालची. एक तर खालची बाजू X-अक्षाला लागून आहे, ती ‘आरंभबिंदूजवळची’ वाटते. दुसरं, बऱ्याच मुलांच्या डोक्यात एक आडवाट बसलेली असते: ‘पेक्षा कमी’चं चिन्ह असेल तर रेघेखाली, ‘पेक्षा जास्त’चं असेल तर रेघेवर. ही आडवाट पहिल्या दोन अटींना बरोबर उत्तर देते, कारण तिथे y चा सहगुणक धन आहे. तिसऱ्या अटीत y च्या मागे उणे दोन आहे. y एकटा करायला गेलात तर उणे संख्येने भागावं लागतं, चिन्ह उलटतं, आणि y ≥ x/2 मिळतं. म्हणजे अट लिहिलीय ‘कमी’च्या चिन्हाने, पण बाजू आहे वरची. आडवाटेने गेलेला माणूस इथे खाली उतरतो.

मग करायचं काय? सोपं आहे. रेघेवर नसलेला दुसरा कुठलाही बिंदू घ्या. रेघ आरंभबिंदूतून जात असेल तर अक्षावरचा एखादा बिंदू घेणं सगळ्यात सोयीचं. उदाहरणार्थ (0, 1). म्हणजे सोयाबीन नाही, तूर १ एकर. अटीत घाला: 0 - 2, उणे दोन, शून्यापेक्षा कमी, खरं. (0, 1) हा बिंदू रेघेच्या वर आहे, म्हणून वरची बाजू आपली. खात्रीसाठी पलीकडचाही एक बघा: (1, 0), सोयाबीन १ एकर आणि तूर नाही. 1 - 0 ≤ 0, खोटं. आजोबाही हेच म्हणाले असते, नुसतं सोयाबीन चालणार नाही. एक बिंदू पुरतो, पण इथे दोन्हीकडचे बघायला दहा सेकंद लागतात.

परीक्षा घेण्याआधीच एक प्रश्न विचारायची सवय ठेवा: अटीत एकटा आकडा आहे का? सगळी अक्षरं एका बाजूला आणल्यावर दुसऱ्या बाजूला शून्य उरत असेल, तर रेघ आरंभबिंदूतून जाते आणि (0, 0) ची परीक्षा निरुपयोगी आहे. गुणोत्तराच्या सगळ्या अटी अशाच असतात. ‘इतकं त्याच्या निम्मं’, ‘तितकं याच्या दुप्पट’, ‘अमुक हे तमुकापेक्षा कमी नको’, असं वाक्य गणितात दिसलं की समजा, शून्य येणार.

आता दोन्ही चित्रं पूर्ण करू, बरोबरचंही आणि घसरलेलंही, आणि फरक काय पडतो ते बघू.

बरोबर बाजू घेतली तर आपला भाग चौकोनी येतो. त्याचे चार कोपरे असे: (2, 1), (6, 3), (4, 6) आणि (2, 8). पहिला कोपरा x = 2 आणि गुणोत्तराच्या रेघेचा. दुसरा गुणोत्तराची रेघ आणि पैशाची रेघ यांचा. तिसरा पैशाची आणि जमिनीची रेघ यांचा: x + y = 10 आणि 3x + 2y = 24 सोडवलं की x = 4, y = 6. चौथा x = 2 आणि जमिनीच्या रेघेचा.

खर्च वजा जाता सोयाबीनचे एकरी ९ हजार आणि तुरीचे एकरी ७ हजार उरतात असं धरू. म्हणजे 9x + 7y सगळ्यात मोठं कुठे येतं ते बघायचं. (2, 1) ला २५ हजार. (6, 3) ला ७५ हजार. (4, 6) ला ७८ हजार. (2, 8) ला ७४ हजार. उत्तर: ४ एकर सोयाबीन, ६ एकर तूर, ७८ हजार.

आता घसरलेलं चित्र. गुणोत्तराच्या रेघेची खालची बाजू घेतली तर हाही चौकोनी भाग येतो. कोपरे: (2, 0), (8, 0), (6, 3) आणि (2, 1). त्यांचे आकडे: १८ हजार, ७२ हजार, ७५ हजार, २५ हजार. उत्तर: ६ एकर सोयाबीन, ३ एकर तूर, ७५ हजार.

हे उत्तर जरा बारकाईने बघा. आपण काय करतो, उत्तर आलं की ते अटींत घालून ताळा करतो. करून बघू. 6 + 3 = 9, दहाच्या आत. 18 + 6 = 24, पैसे बरोबर संपले. 6 - 6 = 0, तूर सोयाबीनच्या बरोबर निम्मी. 6 ≥ 2. चारही अटी पाळल्या! चुकीची बाजू रंगवूनही ताळा पास.

असं का होतं? कारण दोन्ही भागांची एक कड सामाईक आहे, (2, 1) पासून (6, 3) पर्यंतची. ती कड म्हणजेच गुणोत्तराची रेघ. चुकीच्या चित्रातलं सगळ्यात चांगलं उत्तर नेमकं त्या कडेवर पडलं, आणि कडेवरचे बिंदू दोन्हीकडे चालतात. म्हणजे उत्तर करता येण्यासारखं आहे, फक्त ते सर्वांत चांगलं नाही. ताळा एवढंच सांगतो की ‘हे करता येतं’. ‘याहून चांगलं काही नाही’ हे तो सांगत नाही, ते सांगण्याचं काम चित्राचं होतं, आणि चित्रच उलटं होतं.

परीक्षेत यामुळे मार्क जातील, ते एक. पण शेतात काय होईल ते बघू. चुकीच्या बेतात ९ एकरच पेरले जातात, १ एकर पडीक, आणि ३ हजार कमी. हे दिसणारं नुकसान. न दिसणारं वेगळंच आहे.

समजा शेजारी म्हणाला, माझा एक एकर खंडाने घे, २ हजार दे, सुगी झाल्यावर दिले तरी चालतील. घ्यायचा का? चुकीचं चित्र म्हणतं, अजिबात नको, तुझाच एक एकर पडीक आहे. त्या चित्रात जमिनीची रेघ त्या भागाला कुठे शिवतसुद्धा नाही. बरोबर चित्रात जमीन ११ एकर केली तर कोपरा सरकून (2, 9) वर जातो. खर्च 6 + 18 = 24, तेवढाच. मिळतात १८ अधिक ६३, म्हणजे ८१ हजार. आधीपेक्षा ३ हजार जास्त. खंडाचे २ हजार देऊनही हजार रुपये उरतात. सोयाबीन कमी करून स्वस्तातली तूर वाढवल्यामुळे पैसे तेवढेच पुरतात, हा त्यातला मुद्दा.

उलट बाजूने, कुणी ४ हजार उसने द्यायला तयार आहे. चुकीचं चित्र म्हणतं, घे, त्याने कमाई ३,१२५ रुपयांनी वाढेल. बरोबर चित्रात पैशाची रेघ 3x + 2y = 25 झाली की कोपरा (5, 5) वर येतो, ८० हजार मिळतात, म्हणजे वाढ २ हजारांचीच. व्याज किती असलं तर उसने परवडतात, हे या आकड्यावर ठरणार. एका रेघेची बाजू चुकली तर ‘आपल्याला अडलंय काय, जमीन की पैसा’ याचंच उत्तर बदलतं. चुकीचं चित्र म्हणतं फक्त पैसा अडलाय. खरं तर दोन्ही अडलेत.

मग अशी चूक पकडायची कशी? उत्तराचा ताळा पुरत नाही हे बघितलं. पुरतो तो भागाचा ताळा. छायांकित भागाच्या आतला, कुठल्याच कडेवर नसलेला एक बिंदू घ्या आणि तो सगळ्या अटींत घाला. बरोबर चित्रात (3, 4) आत आहे. 3 + 4 = 7, चालतं. 9 + 8 = 17, चालतं. 3 - 8 = -5, चालतं. 3 ≥ 2, चालतं. पास. चुकीच्या चित्रात (4, 1) आत आहे. 4 + 1 = 5, ठीक. 12 + 2 = 14, ठीक. 4 - 2 = 2, आणि ते शून्यापेक्षा कमी हवं होतं. पकडलं! ४ एकर सोयाबीनला किमान २ एकर तूर हवी, आपण १ धरलीय. कडेवरचा बिंदू घेतला असता तर हे सुटलं असतं, म्हणून बिंदू आतलाच हवा. एवढी एक ओळ वहीत उत्तराच्या आधी लिहा. एका मिनिटाचं काम आहे.

दुसरी गोष्ट कागदावरच्या पद्धतीची. प्रत्येक रेघ मारली की लगेच तिची अख्खी बाजू पेन्सिलने भरू नका. चार रेघांच्या चार बाजू भरल्या की नुसता काळा गोळा होतो आणि सगळ्यांचा सामाईक भाग डोळ्याला वेगळा दिसतच नाही. त्याऐवजी प्रत्येक रेघेवर आपल्या बाजूकडे तोंड केलेले दोन छोटे बाण काढा. सगळे बाण झाले की बघा, कुठला भाग असा आहे ज्याच्या सगळ्या कडांचे बाण आत वळलेत. तोच आपला. मग एकदाच, तेवढाच भाग छायांकित करा. एक जरी बाण बाहेर तोंड करून असेल तर तो भाग आपला नाही.

मोबाईलवर डेसमॉससारखं ॲप वापरणाऱ्यांनाही हीच अडचण येते. `x - 2y <= 0` टाकलं की ते खरं असलेली बाजू रंगवतं. चार अटी टाकल्या की चार रंग एकमेकांवर चढतात. तिथे उलट करा, म्हणजे प्रत्येक अट चिन्ह उलटं करून टाका, `x - 2y >= 0`, `x + y >= 10` अशी. मग ॲप नको असलेल्या बाजू रंगवेल आणि आपला भाग कोरा, स्वच्छ उरेल. काही पुस्तकांत हीच रीत असते, नको तो भाग काळा करायची. बोर्डाच्या पेपरात मात्र हवा तो भाग छायांकित करायचा असतो. दोन्ही रिती बरोबर, एकाच चित्रात दोन्ही मिसळल्या की गेलं. पुस्तक बदललं की आधी ते कुठली रीत वापरतं ते बघा.

शेवटचा मुद्दा. माझं काम सॉफ्टवेअरचं, म्हणून हा प्रश्न मला पडतो: संगणक बाजू कशी निवडतो? तो रंगवत नाही आणि आरंभबिंदूही तपासत नाही. पायथॉनच्या सायपाय लायब्ररीत `linprog` नावाचं फंक्शन आहे. त्याला सगळ्या अटी ‘पेक्षा कमी किंवा तेवढंच’ या एकाच साच्यात द्याव्या लागतात. ‘जास्त’ची अट असेल तर दोन्ही बाजूंना उणे एकने गुणून आपणच ती उलटवायची. x ≥ 2 चं -x ≤ -2 होतं. शिवाय ते फंक्शन सगळ्यात लहान किंमत शोधतं, म्हणून नफाही उणे चिन्हाने द्यायचा.

```python
from scipy.optimize import linprog
c = [-9, -7]
A = [[1, 1], [3, 2], [1, -2], [-1, 0]]
b = [10, 24, 0, -2]
r = linprog(c, A_ub=A, b_ub=b)
print(r.x, -r.fun)
```

x आणि y ऋण नकोत हे वेगळं सांगावं लागत नाही, ते फंक्शन स्वतःच तसं धरतं. हे चालवलं की ४, ६ आणि ७८ येतं. आता `A` मधली तिसरी जोडी `[1, -2]` ऐवजी `[-1, 2]` करा. म्हणजे कागदावर चुकीची बाजू रंगवण्यासारखंच. उत्तर येतं ६, ३ आणि ७५. संगणक कुठलीही तक्रार करत नाही. त्याच्या दृष्टीने गणित सुटलं, कारण त्याला दिलेलं गणित त्याने बरोबरच सोडवलं. बाजू आपण चुकीची दिली. आणि उजवीकडे शून्य असल्यामुळे `b` मध्ये चिन्ह बदललंय की नाही हेही दिसत नाही, उणे शून्य म्हणजे शून्यच. गुणोत्तराची अट कागदावर जिथे फसवते, तिथेच कोडमध्येही फसवते.

आलेखाची ही रीत दोन पिकांपुरतीच. तिसरं उडीद घेतलं की रेघांऐवजी प्रतलं येतात, कागदावर ती काढता येत नाहीत, आणि मग सिम्प्लेक्स लागतं, जे जॉर्ज डान्झिगने १९४७ साली मांडलं. पण आतला एक बिंदू घेऊन सगळ्या अटींत घालायची परीक्षा तिथेही तशीच चालते, पिकं तीन असोत की तीस. (3, 4) च्या जागी तीन आकडे घालायचे, एवढाच फरक.

घरी करून बघायला एक बदल देतो. तिसरी अट अशी करा: तूर सोयाबीनपेक्षा कमी नको, म्हणजे x - y ≤ 0. बाकी सगळं तेच. रेघ पुन्हा आरंभबिंदूतून जाईल. आधी दुसरा बिंदू घेऊन बाजू ठरवा, कोपरे काढा, आतल्या बिंदूचा ताळा करा. पैशाची आणि नव्या रेघेची गाठ (4.8, 4.8) ला पडते, तोच बिंदू जो मघाशी खर्चाच्या वाटेवर भेटला होता. मग उलटी बाजू मुद्दाम रंगवून बघा, तिचं सगळ्यात चांगलं उत्तर काय येतं आणि ते चारही अटींच्या ताळ्यात पास होतं का. आकडे कमेंटमध्ये लिहा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला आपण ते पडताळून बघू. भेटू.